शून्य भागिले दोन

शनिवारच्या चाचणीतला तो प्रश्न मीच टाकला होता आणि सोपा म्हणून टाकला होता. चेंडू सरळ वर 20 मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला, g म्हणजे 10 धरा, हवेचा विरोध सोडून द्या. सर्वोच्च बिंदूला वेग आणि त्वरण किती? पर्याय अ होता ‘दोन्ही शून्य’. अकरावीच्या वर्गात त्या पर्यायाला गिऱ्हाईक असतंच, त्यामुळे पेपर तपासताना नवल वाटलं नाही. अडलो ते एका मुलाच्या कच्च्या कामापाशी. एरवी हा मुलगा पक्का, आणि इथे त्याने अंदाजाने खूण केली नव्हती, गणित केलं होतं. आधी t = 2 सेकंद काढलं, बरोबर. मग खाली लिहिलं होतं a = v/t = 0/2 = 0.

इतकी वर्षं मला वाटायचं की मुलं वेग आणि त्वरण यांच्यात गोंधळतात. हा गोंधळलेला नव्हता. त्याचं सूत्रच तोकडं होतं, आणि ते त्याला आम्हीच दिलेलं. प्रकरणाच्या सुरुवातीची निम्मी उदाहरणं ‘गाडी विरामावस्थेतून निघते’ अशी असतात. तिथे सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून v − u चं v उरतं आणि उत्तर बरोबर येतं. दहा-बारा उदाहरणं सोडवून झाली की u डोक्यातून गळून जातो. मग जिथे वेग शून्य तिथे त्वरण शून्य, हे ओघानेच आलं.

तासाला त्याला फळ्यापाशी बोलावलं. म्हटलं, हेच सूत्र अर्ध्या सेकंदाला लाव. वेग 15, भागिले 0.5, त्वरण 30. एका सेकंदाला वेग 10, त्वरण 10. दोन सेकंदांना शून्य. तो स्वतःच थबकला. “सर, पण g तर बदलत नाही ना?” मग u परत घातला: (15 − 20)/0.5 म्हणजे −10, (10 − 20)/1 म्हणजे −10, (0 − 20)/2 म्हणजेही −10. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की वरची दिशा धन धरली आहे आणि त्वरण खाली आहे.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, ही सुरुवातीपासूनची सरासरी झाली. चेंडू वर थांबतो, त्या वेळचं काय?”

प्रश्न रास्त होता. शिवाय ‘थांबतो’ हा शब्द माझ्याच तोंडचा. मराठीत एसटी थांबते ती दोन मिनिटं तरी थांबते. चेंडू शून्य वेगावर किती वेळ असतो? अजिबात नाही. 1.9 सेकंदाला वेग +1 आहे, 2.1 ला −1. या 0.2 सेकंदात वेग 2 ने घटला, म्हणजे त्वरण −10. मधली फट 1.99 ते 2.01 इतकी आवळली तरी वेग +0.1 वरून −0.1 वर जातो आणि भागाकार तोच येतो. वेग-काल आलेख काढला तर 20 पासून −20 पर्यंत एकच सरळ रेषा, शून्यापाशी ती फक्त अक्ष ओलांडते. त्वरण म्हणजे त्या रेषेचा उतार. रेषा अक्षाला कुठे छेदते याचा उताराशी संबंध नाही. आणि तिथे त्वरणही खरंच शून्य असतं, तर वेग बदलायला कारणच उरलं नसतं आणि चेंडू 20 मीटरवर लटकत राहिला असता.

डोळ्यांना मात्र तो थांबल्यासारखाच दिसतो, यात मुलांची चूक नाही. त्याच 0.2 सेकंदात चेंडू शिखरापासून जेमतेम 5 सेंटिमीटरच्या आत असतो.

‘टॉपला v = 0, a = g, पाठ करा’ ही काही क्लासमधली युक्ती मला म्हणूनच खुपते. पुढचा प्रश्न तिरप्या फेकीचा असतो. 20 च्याच वेगाने, पण जमिनीशी 60 अंशांत. पाठ केलेला मुलगा शिखरावर वेग शून्य लिहून मोकळा होतो. तिथे फक्त उभा वेग शून्य असतो. आडवा 20 cos 60°, म्हणजे 10 मीटर प्रति सेकंद, तसाच टिकतो आणि त्वरण त्याला काटकोनात, खाली. पहिल्या प्रश्नात मिळालेले गुण अशा रीतीने दुसऱ्यात परत जातात.

तास सुटता सुटता त्या मुलीने विचारलं, हवेचा विरोध धरला तर? वर जाताना विरोध खाली असतो, म्हणून त्वरण g पेक्षा जास्त. उतरताना विरोध वर, म्हणून कमी. आणि शिखरावर? सरळ फेकीत तिथे वेगच नाही, म्हणून विरोधही नाही. अख्ख्या प्रवासात त्वरण नेमकं g भरतं ते त्याच एका क्षणी, जिथे निम्मा वर्ग शून्य लिहितो.