वास्तुशांत, ३० पानं आणि तीन बर्नर

मागची नोंद १८ पानांच्या, म्हणजे १८ जणांच्या स्वयंपाकाची होती. या वेळी धायरीत धाकट्या दिरांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत, पानं ३०, आणि सगळा स्वयंपाक त्याच दिवशी त्याच ओट्यावर. पाइपचा गॅस अजून आलेला नव्हता, त्यामुळे सिलिंडर आणि तीन बर्नरची शेगडी. हाताला मी, जाऊबाई आणि आत्याबाई.

बेत असा: श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, पापड. भजी मी मुद्दाम काढून टाकली. मोठी कढई एकच होती आणि ती पुऱ्यांना हवी होती. हॉलमध्ये एका वेळी १५ जणच बसणार, म्हणून पंगती दोन, पहिली पावणेएकला.

पदार्थ झाल्यावर किती वेळ थांबतो, एवढंच बघून क्रम लावला. जो सगळ्यात जास्त थांबेल तो आधी.

त्यामुळे सुरुवात श्रीखंडाने. त्याला गॅसही लागत नाही. पहाटे साडेपाचला डेअरीतून आणलेला पावणेदोन किलो चक्का आणि दीड किलो साखर कालवून झाकून ठेवली. साडेआठपर्यंत साखर विरघळली, मग पुरणयंत्रातून काढून, केशर-वेलची घालून थेट फ्रिजमध्ये. साखर घातल्याबरोबर यंत्र फिरवलं तर ती कचकचीत राहते आणि हात मात्र दुखून येतात.

अळूची डाळ-दाणे रात्री भिजवले होते. सातला चिरलेला अळू, देठी, हरभरा डाळ आणि दाणे कुकरला लावले. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चिंच कुकरमध्ये घालायची नाही. आंबटाने डाळ शिजायची थांबते, मग कितीही शिट्ट्या काढा, ती कडकच राहते. डाळ बोटाने चिरडली की मग घोटून, बेसन लावून चिंच-गूळ घालायचा आणि चांगली उकळी आणायची. ही भाजी जेवढी मुरेल तेवढी चांगली, म्हणून तिला बर्नर सकाळीच दिला. बटाट्याची भाजी आणि वरणाचा कुकर त्याच्या मागोमाग उरकले.

मोठा बर्नर पावणेदहाला मसालेभाताला. दीड किलो आंबेमोहोर, तोंडली, दहा लिटरचं पातेलं. घरच्या मापाने दुप्पट पाणी घालत होते तेव्हा मागच्या खेपेला भाताचा गोळा झाला होता. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं. या वेळी तांदळाच्या पावणेदोन पट आधणाचं पाणी घातलं, उकळी फुटल्यावर खाली तवा सारला आणि आच मंद केली. शिताला किंचित कणी असतानाच गॅस बंद केला, कारण एवढा भात स्वतःच्या वाफेवर पुढे शिजतच राहतो. पातेलं जाड चादरीत गुंडाळलं. दुसऱ्या पंगतीलाही वाफ निघत होती.

नैवेद्य दाखवल्याशिवाय चव बघायची नाही, म्हणून मीठ अंदाजाने टाकून चालत नाही. आठवडाभर आधी घरी पाव मापाने मसालेभात केला होता आणि मीठ वजन करून लिहून ठेवलं होतं. त्याच्या चौपट, ५० ग्रॅम, बरोबर बसलं.

खरी कसोटी पुऱ्यांची. माणशी पाच म्हणजे १५०, त्याला सव्वादोन किलो कणीक. १८ पानांच्या वेळी मी सगळी कणीक एकदम दहालाच भिजवली होती. तासाभरात ती सैल पडली, लाटीला पीठ लावावं लागलं, ते तेलात जळलं आणि पुऱ्या तेल पिऊन बसल्या. म्हणून आता कणीक पंगतीप्रमाणे अर्धी-अर्धी केली. पहिली सव्वाबाराला, घट्ट, चमचाभर रवा आणि मोहन घालून. दुसरी पहिल्या पंगतीला वरण-भात वाढल्यावर. लाटी पीठ न लावता लाटता यायला हवी. पीठ लावावं लागलं तर कणीक सैल आहे.

कढईत एका वेळी तीन पुऱ्या, पाऊण मिनिटात निघतात. म्हणजे ७५ पुऱ्यांना तळणाला वीसेक मिनिटं, पण लाटायला त्याहून जास्त वेळ जातो. जाऊबाई आणि आत्याबाई दोघी लाटत होत्या म्हणून माझी कढई रिकामी थांबली नाही. एकटीने लाटलं असतं तर तेल तापून धूर निघाला असता. “गं, झाऱ्याने नुसतं वर तेल उडव, दाबू नकोस,” असं आत्याबाई सांगत होत्या, आणि तसंच केल्यावर पुऱ्या टम्म फुगल्या.

कोशिंबिरीत मीठ मात्र पानं मांडल्यावरच घातलं. काकडी पिळून घेतली तरी मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं.

शेवटी मसालेभात पाच-सहा जणांचा उरला. पुढच्या ३० पानांना तांदूळ सव्वा किलो घेणार.