वीस ग्रॅम इसबगोल आणि आमचा लबाड काटा

हिला सिलिअ‍ॅक असल्याचं गेल्या वर्षी कळलं आणि आमच्या घरातून गहू गेला. भाकरी, घावन, उकड, पोहे यांवर घर चालतंच, पण सकाळच्या चहाबरोबर हिला पावाची स्लाइस लागते. बाजारातला ग्लुटेन-फ्री पाव आमच्या गावात मिळत नाही, आणि मागवला तर बर्फातल्या विटेसारखा येतो. तेव्हा मीच करायचं ठरवलं. मी एका घाऊक दुकानात तीस वर्षं हिशेब लिहितोय. आकडे पाळले की काम होतं, असा माझा समज होता.

मिश्रण साधं आहे. एक किलोसाठी ६०० ग्रॅम तांदळाचं पीठ, ३५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च आणि ५० ग्रॅम सत इसबगोल. एका पावाला यातलं ४०० ग्रॅम लागतं, म्हणजे २४० पीठ, १४० स्टार्च आणि २० इसबगोल. वाटीने मोजायचं नाही, हे पहिल्याच दिवशी पटलं. तांदळाचं पीठ वाटीत हलकं भरलं तर एक वजन, दाबून भरलं तर दुसरंच. इसबगोल तर इतका हलकाफुलका असतो की चमचाभर म्हणजे किती, ते चमचा भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

इसबगोल कशाला, हे आईने एका वाक्यात समजावलं. "अरे, तांदळाला चिकटपणा कुठला? म्हणून तर आपण भाकरीला आधणाचं पाणी घालतो." गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि यीस्टचा वायू धरून ठेवतं. तांदळात ते नाही. इसबगोल पाणी पिऊन जेलीसारखा होतो आणि तो वायू धरायचं काम करतो. पाण्यात घातल्यावर पाचेक मिनिटांत चमचा उभा राहील इतका दाट होतो.

आता रखडलो कुठे ते सांगतो. पहिल्याच पावाचं पीठ मातीच्या गोळ्यासारखं झालं. पीठ मळतानाच घट्ट लागत होतं, आणि हे मिश्रण खरं तर मळायचंही नसतं. ते इडलीच्या पिठापेक्षा दाट पण लाटता येणार नाही इतकं सैल हवं. मी पाणी वाढवलं. ४०० ग्रॅमचे ४८० केले. पाव फुगला, वरून छान तांबूस झाला आणि थंड होताना मधोमध बसला. कापला तर सुरीला खळ लागल्यासारखं चिकट. दुसऱ्यांदा ओव्हनला दोष दिला आणि पंधरा मिनिटं जास्त भाजला. साल दगडासारखी झाली, आत तीच खळ. तिसऱ्यांदा तांदूळ बदलला. ही काही बोलली नाही, पण बसलेल्या पावाचा तुकडा चहात न बुडवता बशीत ठेवून दिला. त्याचाच मला जास्त राग आला.

कोडं सुटलं ते हिशेबामुळे. तिसऱ्या पावाला इसबगोलचं १०० ग्रॅमचं पाकीट संपलं. तीन पावांना ६० ग्रॅम लागायला हवे होते, ४० शिल्लक राहायला हवे होते. पीठ आणि स्टार्च मात्र बरोबर जुळत होते. माल कमी भरलाय म्हणून मी आधी औषधाच्या दुकानात भांडायला निघालो होतो. मग नवीन पाकीट काट्यावर ठेवून पाहिलं, तर वजन व्यवस्थित.

मग काट्यावरच संशय आला. तो घेऊन मी जिथून घेतला त्या दुकानात गेलो. दुकानदाराने ५०० ग्रॅमचं वजन ठेवलं, काट्याने ५०० दाखवले. "साहेब, काटा एकदम करेक्ट आहे." मी पुन्हा घरी. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने २०० ग्रॅमचं वजन ठेवलं, तेही बरोबर. तिसऱ्यांदा मला बघून तो आत चहा घ्यायला निघून गेला.

घरी येऊन मी दहा रुपयांची चार नाणी ठेवली. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, काट्याने ३१ दाखवले. म्हणजे काटा खरंच ठीक होता. चूक माझ्या हातात होती. रिकामा वाडगा २१० ग्रॅमचा. तो ठेवून टेअर दाबून शून्य केलं आणि जसा रोज घालतो तसा चिमूट चिमूट इसबगोल भुरभुरवला. आकडा शून्यावरच. आणखी भुरभुरवला, तरी शून्य. वाडगा उचलला, काटा बंद करून पुन्हा सुरू केला आणि वाडगा ठेवला: २२२. बारा ग्रॅम काट्याने गिळले होते!

या घरगुती काट्यांना शून्याजवळचा बारीक फरक स्वतःहून पुसून टाकायची सवय असते, म्हणजे धूळ किंवा हवेने आकडा हलत राहू नये. चिमटीने हळूहळू घातलेला इसबगोल त्याला धुळीसारखाच वाटतो. मी २० दिसेपर्यंत घालत राहायचो आणि आत जात होते ३३. दुकानदाराचं वजन एकदम पडतं, म्हणून त्याला काही कळलंच नाही. इसबगोल जास्त म्हणून पीठ घट्ट, घट्ट म्हणून मी पाणी वाढवलं, आणि पाणी जास्त म्हणून आत खळ. तीनही पावांचा गुन्हेगार एकच.

उपाय अगदी सोपा निघाला. हलकी वस्तू शून्यापासून मोजायचीच नाही. वाडग्यात आधी स्टार्च १४० ग्रॅम घेतो, टेअरला हात लावत नाही, आणि त्यावरच १६० होईपर्यंत इसबगोल घालतो. आकडा शून्यापासून लांब असला की काटा चोरी करत नाही. यीस्टचे ६ आणि मिठाचे ७ ग्रॅमही असेच, आधीच्या आकड्यावर चढवून. किलोभर मिश्रण एकदम केलं तर एखाद्या ग्रॅमची चूक तशीही अंगावर येत नाही. फक्त ते तीन वेळा चाळा, नाहीतर इसबगोल डब्यात एका बाजूला जमतो.

चौथ्या वेळी पाणी ४०० ग्रॅमच, साखर १५, तेल २०. डब्याच्या काठाच्या बोटभर खाली येईपर्यंतच फुगू दिला, पाऊण तास लागला. २०० अंशांवर तासभर भाजला. मध्ये थर्मामीटर खुपसला तर ९७ दाखवत होता. पूर्ण थंड होईपर्यंत कापायचा नाही, हे आधी सांगायला हवं होतं. गरम असताना आतलं स्टार्च अजून बसलेलं नसतं, चांगला पावही चिकट वाटतो. मी दोन तास खोलीबाहेर बसून काढले.

राहिलेलं एक. स्टार्च नाही म्हणून साबुदाणा मिक्सरला लावू नका. मी लावला होता. साबुदाणा करताना तो आधीच वाफेवर किंवा तव्यावर अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे त्याचं पीठ थंड पाणीही ओढून घेतं आणि पाण्याचं गणित कोसळतं. दुकानात मिळणारं कॉर्नफ्लोअर मात्र स्टार्चच असतं, ते चालतं. पिवळं मक्याचं पीठ नव्हे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरघंटीवर दळा, मोदकाच्या पिठासारखा. पाव रवाळ लागत नाही. गिरणीत देऊ नका, तिथे आधी कुणाचे गहू दळलेत ते पिठात येतातच, आणि हिला तेवढेही चालत नाहीत.

आणि पाव आतून किंचित जांभळट निघाला तर घाबरू नका, काही इसबगोल तसा रंग सोडतो. ही मात्र अजून विचारते, "आज जांभूळ घातलंस का?"