तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा फोकस शोधत राहतो तेव्हा

«मोबाइलचा कॅमेरा फोकस धरतच नाही. चित्र सारखं पुढे-मागे होतं आणि फोटो धुरकट येतो. आतली लेन्स गेली का?»

बहुतेक वेळा नाही. फोकसची मोटर बिघडण्याआधी तिच्या पुढच्या काचेवर काहीतरी येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी अडथळा काचेच्या बाहेर आहे, काचेवर चिकटलेला आहे की काचेच्या आत, एवढं ठरवायचं. हे घरी ठरवता येतं.

कॅमेरा फोकस कसा शोधतो हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. सेन्सरवरचे काही बिंदू लेन्सच्या डाव्या अर्ध्यातून आलेला प्रकाश बघतात, काही उजव्या. दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसली की फोकस जमला. त्यात जमलं नाही तर कॅमेरा लेन्स थोडी पुढे, थोडी मागे सरकवतो आणि कडा कुठे सर्वात ठळक होतात ते पाहतो. काचेवर तेलकट थर असेल तर कुठेच कडा पुरेशा ठळक होत नाहीत, मग शोध थांबतच नाही. म्हणजे ‘फोकस बिघडलाय’ असं जे वाटतं, ते अनेकदा कॅमेऱ्याला नीट दिसत नसल्याचं लक्षण असतं. अर्थात अंधारात किंवा कोऱ्या भिंतीसमोर चांगला कॅमेराही असाच चाचपडतो, त्यामुळे तपासणी भरपूर उजेडात, छापील अक्षरांवर करा. फोन कागदापासून साधारण 25 ते 30 सेंटिमीटरवर धरा. पुष्कळ फोनची मुख्य लेन्स फार जवळच्या वस्तूवर फोकस करूच शकत नाही. 8 सेंटिमीटरवर ठेवलेला कागद धूसर आला, तर त्यात बिघाड काही नाही.

आता एक उदाहरण घेऊ. कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर वेगळी संरक्षक काच बसवली आहे. त्यानंतर दिवसाचे फोटो जरा फिकट येतात, कागदावरची अक्षरं धरताना फोकस हलत राहतो आणि फ्लॅश वापरला की सगळा फोटो दुधाळ होतो. पहिली खूण फ्लॅशचीच. फ्लॅश बंद ठेवून फोटो बरा आणि चालू केल्यावर पांढरट, असं असेल तर फ्लॅश आणि लेन्स या दोन्हींवर एकच सलग पारदर्शक थर आहे असा संशय घ्या. फ्लॅशचा प्रकाश त्या थरातून आडवा सरकतो आणि लेन्समध्ये शिरतो.

या काचांना अनेकदा दोन्ही बाजूंनी फिल्म असते. चिकटणाऱ्या बाजूची काढली जाते, वरची लक्षातच येत नाही. नव्या फोनच्या मागच्या बाजूलाही अशी फिल्म असते आणि तिचा तुकडा कॅमेऱ्यापाशी राहून जातो. ती ओळखायला फोनची स्क्रीन बंद करा आणि दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड लेन्सवर अगदी तिरपा पाडा. फिल्म असेल तर तिची कड बारीक रेषेसारखी चमकते, कधी एखादा बुडबुडा किंवा कडेला साचलेली धूळ दिसते. काढताना सुई, ब्लेड नको. चिकटपट्टीचा छोटा तुकडा फिल्मच्या कोपऱ्यावर दाबून वर ओढा. फिल्म असेल तर कोपरा उचलला जातो. काही फोनमध्ये लेन्सशेजारी लहान काळसर खिडकी असते. तिथून अदृश्य प्रकाश सोडून अंतर मोजलं जातं. तिच्यावर थर असला तर प्रकाश तिथूनच परततो, कॅमेऱ्याला वस्तू नाकासमोर आहे असं वाटतं आणि लांबचं दृश्य धूसर होतं. त्यामुळे ती खिडकीही बघा. फिल्म निघूनही फरक पडला नाही तर संरक्षक काचच काढून एक फोटो घ्या. माझं मत विचाराल तर तिची फारशी गरज नसते. फोनच्या कॅमेऱ्यावर मुळात एक काच असतेच.

थर नसेल तर बोटांचं तेल. याची खूण दिव्यांत दिसते. रात्री दिव्यांभोवती पसरट वलय येतं किंवा लांब रेघा उठतात. पुसल्याच्या खुणा ज्या दिशेला आहेत, रेघा त्यांना काटकोनात निघतात. सदऱ्याच्या टोकाने घाईत पुसलेल्या लेन्सवर हे हमखास होतं, कारण त्यात तेल निघत नाही, नुसतं पसरतं.

स्वच्छ करताना क्रम महत्त्वाचा. आधी रबरी फुग्याच्या पंपाने धूळ उडवा. वाळूचा कण काचेवर असताना कापड फिरवलं तर ओरखडा पडतो आणि वरचा परावर्तन कमी करणारा थर खरवडला जातो. मग स्वच्छ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधून बाहेर गोल फिरवत हलक्या हाताने पुसा. तेल राहिलंच तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब कापडाच्या कोपऱ्यावर घ्या, थेट लेन्सवर कधीच टाकू नका. फिल्मचा गोंद उरला असेल तर तोच ओला कोपरा अर्धा मिनिट त्यावर धरून ठेवा, मग पुसा. टूथपेस्ट, नेलपॉलिश काढण्याचं द्रव, खिडकीच्या काचा पुसायचं अमोनियावालं द्रव यांनी काचेवरचा थर जातो. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवाराही नको. कॅमेऱ्याशेजारचं बारीक छिद्र बहुधा मायक्रोफोनचं असतं.

पुसूनही धुकं तसंच राहिलं तर ते आत आहे. थंड खोलीतून दमट हवेत आल्यावर बाहेरच्या बाजूला धरलेली वाफ काही मिनिटांत उडते किंवा कापडाने निघते. आतली निघत नाही, आणि फोन गरम झाल्यावर अनेकदा वाढते. आत शिरलेलं पाणी उष्णतेने वाफ होतं आणि त्या मानाने थंड असलेल्या बाहेरच्या काचेवर जमतं. अशा वेळी चार्जिंग थांबवा, फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा आणि सिलिका जेलच्या काही पुड्यांसोबत हवाबंद डब्यात 24 ते 48 तास ठेवा. हेअर ड्रायर वापरलात तर वाफ आणखी आत सरकते आणि सांधे जोडणारा गोंद सैल होतो. तांदळाने ओलावा विशेष जात नाही, पीठ मात्र छिद्रांत बसतं. दोन दिवसांनी स्वच्छ झालेली लेन्स आठवड्याभरात पुन्हा धुरकटली, तर सील गेलं आहे आणि फोन उघडावाच लागेल.

काच सर्व बाजूंनी स्वच्छ, तरी फोकस हलतोच आहे, तर चुंबक असलेलं कव्हर किंवा होल्डर काढून बघा. लेन्स सरकवणारी यंत्रणा चुंबकावरच चालते. मग कॅमेऱ्याच्या `Pro` मोडमध्ये `MF`, म्हणजे हाताने फोकस करण्याचा पर्याय, निवडा आणि पट्टी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. कुठेतरी अक्षरं कापल्यासारखी स्पष्ट झाली तर लेन्स आणि मोटर ठीक आहेत, चूक अंतर मोजण्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. पट्टी सरकवूनही चित्र जराही बदललं नाही, तर मोटर अडकली आहे आणि कॅमेऱ्याचा भाग बदलावा लागेल. बाहेरची काच तडकली किंवा खरवडली असेल तर मात्र पूर्ण कॅमेरा बदलायला लगेच होकार देऊ नका. पुष्कळ फोनमध्ये ती काच वेगळी बदलता येते.