कार्ड चांगलं, टॉवर दिसतोय, तरी सेवा नाही

फोनला नेटवर्क नाही म्हणून आलेला माणूस आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचं बरंच काही करून झालेलं असतं. फ्लाइट मोड चालू-बंद करून, कार्ड शर्टाला पुसून, घरातल्या पोराकडून नेटवर्क सेटिंग रिसेट करून. रिसेटमध्ये वाय-फायचे सगळे पासवर्ड उडतात, तो राग वेगळाच.

बार्शीच्या एका आडत दुकानात वजनकाट्यावर काम करणारे एक बापू गेल्या महिन्यात आले, त्यांचं तर याच्याही पुढे गेलेलं होतं. साडेसहा हजाराला जुना फोन घेतला होता, बिल नाही, बॉक्स नाही. दोन सिमचा फोन. पहिल्या स्लॉटला नेटवर्क येत नव्हतं. कंपनीच्या गॅलरीत गेले तर तिथल्या मुलीने कार्ड खराब आहे म्हणून नवीन दिलं. कार्ड बदललं की चोवीस तास मेसेज बंद ठेवायचा नियम आहे, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही, हे तिने सांगितलंच नाही. बापू दुसऱ्या दिवशी बँकेत तासभर उभे. नवीन कार्डालाही नेटवर्क आलं नाही, मग एका दुकानदाराने फोन उघडून पाहिला आणि नेटवर्क आयसी, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप, गेलीय, अठराशे रुपये लागतील, असं सांगितलं. "भाऊ, कार्ड खराब म्हणावं तर बदललं, फोन खराब म्हणावं तर एक सिम मस्त चालतंय. मग बिघाड हाय तरी कुठं?"

मला हा प्रश्न फार आवडला. गॅलरीतल्या मुलीला आणि त्या दुकानदाराला हाच पडायला हवा होता.

आमच्याकडे येणारे सगळेच 'नो सर्व्हिस' म्हणतात, पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचं असतं. No SIM असेल तर फोनला कार्डच दिसत नाही. मग ट्रे, पिना, कार्डाचे पितळी टिपके इकडे पाहायचं. No service असेल तर फोनला वापरता येईल असा टॉवर ऐकूच येत नाही. रेंज, अँटेना किंवा रेडिओचा भाग. आणि Emergency calls only असेल तर गोष्ट एकदम निराळी: फोनला टॉवर ऐकू येतोय, 112 लागेल, पण त्या टॉवरने या गिऱ्हाइकाला आत घेतलेलं नाही. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण पहिला अंदाज यावरून बांधता येतो. बापूंच्या पहिल्या स्लॉटवर Emergency calls only होतं. इतक्या लोकांनी तो फोन हातात घेतला, एकानेही ती ओळ वाचली नव्हती.

मी आधी कार्ड वाचलं जातंय का ते पाहिलं. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' मध्ये गेलं की सिमच्या स्टेटसखाली बऱ्याच फोनमध्ये कार्डाचा लांबलचक नंबर दिसतो. आपल्याकडच्या कार्डांचा तो 8991 ने सुरू होतो, 89 म्हणजे टेलिकॉम आणि 91 म्हणजे भारत. तोच नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. दोन्ही जुळले. म्हणजे पिना ठीक, ट्रे ठीक, कार्डाची चिप जिवंत.

मग अदलाबदल. यात लोक एक गंमत करतात: दुसरं कार्ड म्हणून दुसऱ्याच कंपनीचं घालतात, किंवा कार्ड तपासायला दुकानातला जुना टूजी बटणांचा फोन काढतात. फक्त फोरजीवर चालणाऱ्या कंपनीचं कार्ड त्या फोनमध्ये कधीच चालणार नाही, मग चांगल्या कार्डाला मेलं म्हणून टाकून देतात. म्हणून माझ्याकडे टेस्टसाठी वेगवेगळ्या कंपन्यांची चालू कार्डं आणि एक साधा फोरजी फोन कायम टेबलावर असतो. बापूंचं नवीन कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं, लगेच रेंज आली आणि फोन लागला. म्हणजे खातं चालू, कार्ड चालू, कंपनीच्या बाजूला काही अडकलेलं नाही. त्यांच्याच कंपनीचं माझं कार्ड त्यांच्या पहिल्या स्लॉटमध्ये घातलं, नेटवर्क नाही. दुसऱ्या कंपनीचं घातलं, तरी नाही. आणि हीच सगळी कार्डं दुसऱ्या स्लॉटमध्ये एकामागून एक निमूट चालली.

इथे नेटवर्क आयसीवाल्याचं म्हणणं निकालात निघतं, आणि मला त्याचा रागही येतो. या दर्जाच्या फोनमध्ये दोन सिमना दोन रेडिओ नसतात. रेडिओ एकच, पॉवर अँप्लिफायर तोच, अँटेनाही त्याच, दोन कार्डं आळीपाळीने वापरतात. एका घरात दोन भाडेकरू आणि नळ एकच. दुसऱ्या स्लॉटला त्याच आयसीतून पाणी येतंय तर आयसी गेली कशी म्हणता? स्लॉटचं स्वतःचं असं काय असतं, तर पिना आणि बोर्डावरून जाणाऱ्या चार-पाच वायरिंगच्या लाइनी. त्यांनी कार्डाचा नंबर बरोबर वाचून दाखवला होता. अठराशे रुपये घेऊन त्याने बोर्डावर हीट मारली असती आणि चालणारा दुसरा स्लॉटही घालवला असता.

सेटिंगचा वहीम राहिला. नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवर होती. नेटवर्कचा प्रकार 5जी/4जी/3जी/2जी असा सगळं चालेल असा होता. हल्ली पोरं स्पीडसाठी *#*#4636#*#* करून आत जातात आणि फक्त 5जी किंवा फक्त 4जी असं लावून ठेवतात, मग गावाबाहेर गेलं की फोन दगड होतो, म्हणून तेही पाहिलं. काही नव्हतं. एपीएनला कुणी तरी हात लावला होता, पण एपीएन चुकला तर नेट जातं, टॉवरच्या काड्या आणि कॉल सहसा राहतात. गॅलरीवाले एपीएन का बदलत बसतात हे मला आजवर कळलेलं नाही.

मग मी फोन बंद करून चालू केला आणि पहिल्या स्लॉटकडे नुसतं बघत बसलो. काही क्षण शोधतोय, शोधतोय, आणि एकदम Emergency calls only. त्यानंतर हलायचं नाव नाही. रेंज कमी असलेला फोन असा वागत नाही, त्याची काडी येते, जाते, पुन्हा येते. हा एकदा विचारून गप्प बसला होता. नेटवर्कने काही विशिष्ट कारणं देऊन नकार दिला की फोन पुन्हा पुन्हा विचारत नाही, कार्ड काढून घालेपर्यंत किंवा फोन बंद करून चालू करेपर्यंत तो तसाच राहतो. कार्ड बंद असेल तरी असाच नकार येतो, पण कार्डाचं तर माझ्या टेबलावर सिद्ध झालं होतं. मग नेटवर्क नाकारतंय कुणाला? कार्डाला नाही, तर कार्ड ज्याच्यात आहे त्याला.

आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात, प्रत्येक स्लॉटला स्वतःचा. टॉवरला पहिला स्लॉट आणि दुसरा स्लॉट हे दोन वेगळे फोन दिसतात. *#06# दाबलं, दोन्ही पंधरा आकडी नंबर आले. शून्यांची रांग नाही, काही नाही, नीट नंबर. मग आमच्या नेहमीच्या फोनवरून 14422 वर मेसेज केला:

```
KYM <15 अंकी IMEI>
```

दुसऱ्या नंबरचं उत्तर आलं, कंपनी आणि मॉडेल बरोबर, अडचण काही नाही. पहिल्या नंबरला Black-listed.

दूरसंचार विभागाची ही सीईआयआर यंत्रणा 2023 च्या मे महिन्यात देशभर सुरू झाली. महाराष्ट्र आणि गोव्यात ती त्याआधीपासून चाचणी म्हणून होती. फोन चोरीला गेला की पोलिसात तक्रार द्यायची, पोर्टलवर अर्ज भरायचा, मग तो आयएमईआय सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. अर्जात दोन्ही नंबर भरायला जागा आहे. ज्याचा हा फोन असेल त्याने, किंवा त्याचा अर्ज ज्याने भरून दिला त्याने, एकच भरला होता असं दिसतंय. बॉक्सवर दोन्ही नंबर एकाखाली एक छापलेले असतात, पण बॉक्स सापडला नाही की बिलावरचा नंबर टाकतात, आणि बऱ्याच बिलांवर एकच असतो.

बापूंना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग मी विचारलं, घेताना दुकानात कार्ड घालून दाखवलं होतं का? "दाखवलं की. त्यानंच घातलं, माझ्या बायकोला फोन लावून दिला." कुठल्या स्लॉटमध्ये? बापू थांबले. "दुसऱ्यात. म्हणला, पहिल्याला सेटिंग व्हायला एक दिवस लागतो."

ट्रे बाहेर काढला की पहिला खाना समोर येतो. कुणीही कार्ड आधी तिथंच ठेवतो.

बापूंचं पुढचं म्हणणं मला अपेक्षितच होतं: "मग तो नंबर बदलून टाक की. लोक करत्यात म्हणं." करतात, मला माहीत आहे कोण करतं आणि किती घेतं. पण आयएमईआय बदलणं हा सरळ गुन्हा आहे, 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फोन चोरलेला आहे हे कळल्यावर ते करणाऱ्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. मी नाही म्हटलं. दोन्ही मेसेज त्यांच्या हातात लिहून दिले, आधी विकणाऱ्याकडे जा, पैसे परत देत नसेल तर फोन घेऊन पोलीस ठाण्यात जा, घरात ठेवू नका, असं सांगितलं. तपासणीचे पैसे घेतले नाहीत, पण हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होत होतं, कारण फोन जमा केला तर बापूंचे साडेसहा हजार गेले, आणि दुसरा स्लॉट तर छान चालतोय.

विकणारा दुकान बदलून गेलाय म्हणे. बापू अजून तोच फोन वापरतात, दुसऱ्या स्लॉटवर. परवा मला त्याच नंबरवरून फोन करून विचारलं, तो दुसरा नंबरही बंद होईल का? मी म्हटलं, मूळ मालकाला बॉक्स सापडला तर होईल. "मग तोवर ऱ्हाऊ दे."

मला आता दुसरीच गोष्ट खटकतेय. बंद केलेल्या आयएमईआयवर कुणी कार्ड चालवायचा प्रयत्न केला की त्याचा माग पोलिसांपर्यंत जावा, अशी यंत्रणेची रचना आहे. त्या पहिल्या स्लॉटमध्ये बापूंचं जुनं कार्ड गेलं, गॅलरीने दिलेलं नवीन गेलं, त्या आयसीवाल्याचं गेलं असेल, आणि माझ्या दुकानाची टेस्टची कार्डंही गेली, माझ्या आधारवर घेतलेली. कुणी विचारायला आलं तर सांगता यावं म्हणून मी वहीत तारीख, दोन्ही आयएमईआय आणि कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये घातलं ते लिहून ठेवलंय. बापूंची सही घ्यायला त्यांच्या आडतीवर गेलो होतो, पण तूर सुरू आहे, काट्यावरून मान वर करायला त्यांना वेळ नव्हता.