तुम्ही विचारलंत म्हणून

"नवरा-बायकोच्या समुपदेशनाला जाऊन करतात तरी काय? आणि बरा माणूस शोधायचा कसा?"

पहिल्या भेटीत दोघांना एकत्र बसवतात, मग एकेकाला वेगळं, मग पुन्हा एकत्र. न्यायनिवाडा कुणी करत नाही. आमची पहिली समुपदेशक बाई मात्र तो करायची. "बाईनंच जरा समजून घ्यायचं," हे ऐकायला पैसे कशाला मोजायचे? ते विश्रामबागेतल्या माझ्या आत्याकडे चहासोबत फुकट मिळतं.

दुसऱ्या ठिकाणी विषय तोच निघाला. नवऱ्याने दिराला हळदीच्या व्यापारासाठी परस्पर पैसे दिले होते. मी विचारत सुटायचे आणि हा गच्चीवर जाऊन बसायचा. तो गप्प, म्हणून माझा आवाज चढायचा. आवाज चढला की तो आणखी गप्प. तिथल्या समुपदेशक सरांनी नियम घातला: एकानं दोन वाक्यं बोलायची, दुसऱ्यानं ती परत सांगायची, पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत.

तो म्हणाला, "दादाला नाही म्हणायला मला जमत नाही. तुला सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं."

मी म्हटलं, "म्हणजे भाऊ जवळचा, मी परकी."

सर म्हणाले, "हे ते बोलले नाहीत. पुन्हा सांगा."

मला राग आला. त्याचं वाक्य मी माझ्या तोंडानं का म्हणायचं? पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा जसंच्या तसं म्हटलं, तेव्हा तो "हो" म्हणाला आणि रडला. मी नाही रडले. मग माझी पाळी आली. "मला पैशांपेक्षा लपवल्याचा त्रास झाला," हे परत सांगताना त्यानं 'लपवल्याचा' दोनदा गाळलं. सरांनी दोन्हीदा थांबवलं. तिथे मला पटलं, की हा माणूस कुणाच्याच बाजूचा नाही.

निवडताना फोनवरच विचारा: जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? आणि एकट्यानं सांगितलेलं गुपित दुसऱ्यापासून लपवाल का? याला तयार उत्तर नसेल तर पुढे जाऊ नका. उद्या एखादं प्रकरण निघालं तर तोच माणूस दोघांच्या मध्ये अडकतो. 'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. ती मागायला लाजू नका.

कधी जायचं? तेच भांडण त्याच वाक्यांनी परत परत होतंय असं दिसलं की. घटस्फोटाचा अर्ज झाल्यावर कोर्टातही समुपदेशक भेटतो, पण तोवर दोघंही वकिलाची भाषा बोलायला लागलेले असतात. मारहाण किंवा धाक असेल तर जोडीनं बसूच नका. तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर वसूल होतं. आधी एकटीनं मदत घ्या, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

"घरातलं बाहेर कशाला?" असं मीच म्हणायचे. अजूनही कधी कधी वाटतं. दिराचे पैसे आलेले नाहीत. भांडणं कमी झालीत, पण ती सरांमुळे की दीर पुण्याला गेल्यामुळे, यावर आमचं दोघांचं एकमत नाही.