तीन घरांचे वर्तुळ

शुक्रवार, रात्र

आज डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या वह्या तपासताना एका मुलीच्या के-मॅपपाशी मी बराच वेळ थांबले. फलन चार चलांचे होते: `F(A,B,C,D) = Σm(1,5,6,7,11,12,13,15)`. ओळी आणि स्तंभ तिने `00, 01, 11, 10` अशा योग्य क्रमाने मांडले होते आणि आठही एक आपापल्या घरी होते. तरीही उत्तर चुकले होते.

```
F = BD + C'D + A'BC + ABC'
```

माझे लक्ष प्रथम `C'D` कडे गेले. या पदात `A` आणि `B` नाहीत, म्हणजे त्यात चार घरे असायलाच हवीत. तिच्या पेन्सिलीच्या वर्तुळात मात्र 1, 5 आणि 13 एवढेच तीन एक होते आणि त्याची खालची कड 9 क्रमांकाच्या घरातल्या शून्याला घासून गेली होती. तीन घरांचा ग्रुप होत नाही. तिने तिघांना घेरले आणि पद मात्र संपूर्ण स्तंभाचे लिहिले. त्यामुळे `1001` या इनपुटला सत्यता सारणीत 0 असताना तिचे उत्तर 1 देते.

दुसरी चूक त्याच ओळीत होती. 11 क्रमांकाचा एकटा एक कोणत्याच वर्तुळात नव्हता, म्हणून `1011` ला 1 ऐवजी 0 मिळतो. एक जास्तीचा आणि एक गळालेला, त्यामुळे तिच्या उत्तरातही एकूण एक आठच भरतात! नुसती मोजणी करून मी पुढे गेले असते, तर बरोबरची खूण करून मोकळी झाले असते. म्हणून मी प्रत्येक पदाची घरे समासात लिहून काढली आणि ती मूळ यादीशी एकेक करून ताडून पाहिली.

दुरुस्ती करताना `C'D` च्या जागी 1 आणि 5 ची जोडी, म्हणजे `A'C'D`, घेतली आणि 11 ला त्याच्या एकुलत्या एका शेजाऱ्याशी, 15 शी, जोडून `ACD` मिळवले. आता मधल्या चौकडीकडे, `BD` कडे, पुन्हा पाहिले, तर तिची 5, 7, 13 आणि 15 ही चारही घरे चार वेगवेगळ्या जोड्यांत आधीच आलेली होती. सर्वांत मोठा ग्रुप आधी घ्यायचा, ही वर्गात मीच दिलेली सूचना येथे तिला आडवी आली. दुसरा शेजारी नसलेल्या एकापासून सुरुवात करायला मी सांगायला हवे होते.

```
F = A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

ग्रुप एकमेकांवर येण्याला हरकत नाही, हे मी समासात मुद्दाम लिहिले, कारण लाल शाई पाहून ती ओव्हरलॅपलाच घाबरेल, अशी मला भीती वाटली. `BD` ठेवले तरी उत्तर बदलत नाही, फक्त एक अँड गेट आणि ऑर गेटचे एक इनपुट विनाकारण वाढते. गुण मी `C'D` चे आणि सुटलेल्या 11 चे कापले, `BD` चे नाही. सोमवारी हाच मॅप फळ्यावर काढून तिच्याकडूनच 11 पासून सुरुवात करून घेईन.