चिन्ह चुकलं, सर

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवतो. आमची मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात आणि घरी कोंकणी बोलतात. त्यामुळे फळ्यावर ब्रॅकेट आणि तोंडी कंस, असं आमच्याकडे सगळं चालतं.

मी मुलांना चुकांची वही ठेवायला लावतो. चाचणीचा पेपर परत मिळाला की चुकलेलं प्रत्येक गणित त्या वहीत जातं. आपण काय लिहिलं, बरोबर काय होतं आणि चूक कोणत्या प्रकारची, एवढंच लिहायचं. प्रकार तीन. येत असूनही हात घसरला तर निष्काळजी. पायऱ्यांतली एखादी विसरली किंवा उलटसुलट झाली तर रीत. मुळात गोष्टच वेगळी समजली असेल तर संकल्पना.

चतुर्थीच्या सुट्टीआधी मी या वह्या गोळा केल्या. खरं सांगायचं तर तोवर मी त्या नीट वाचतच नव्हतो. पान भरलेलं दिसलं की सही करायचो, फार तर 'लक्ष दे' असं लाल पेनने लिहायचो. त्या दिवशी पाऊस मुसळधार लागला होता, बसला वेळ होता, म्हणून स्टाफरूममध्ये बसून एक वही पहिल्यापासून वाचली. नववीतल्या एका मुलीची. अक्षर नेटकं, नोंदी २३. त्यांतल्या १७ निष्काळजी, ५ रीत आणि संकल्पनेची एकच.

रीतीच्या नोंदी बरोबर होत्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायच्या हेरॉनच्या सूत्रात तिने १३, १४ आणि १५ बाजूंची बेरीज ४२ घेतली आणि तिची निम्मी करायला विसरली. उत्तर ९५९ च्या पुढे गेलं. खरं क्षेत्रफळ ८४. १३ आणि १४ या बाजूंमधला कोन काहीही असला तरी क्षेत्रफळ ९१ च्या वर जाऊच शकत नाही, हे पाहिलं असतं तर चूक तिथेच दिसली असती. पण ही चूक तिला एकदा दाखवली आणि ती पुन्हा झाली नव्हती.

अडलो ते निष्काळजीच्या रकान्यात. १७ पैकी ९ नोंदींपुढे एकच शेरा होता, 'चिन्ह चुकलं'. खरी निष्काळजी चूक सहसा दर वेळी वेगळी असते. ४७ चे ७४ होतात, ६ चा ० वाचला जातो, पान उलटताना एखादं पद मागेच राहतं. एकच माणूस दर वेळी त्याच पायरीवर घसरत असेल तर आपण पायरी बघतो. मी ती नऊ गणितं एका कागदावर उतरवून घेतली.

५ − (x − ३) चं तिने केलं होतं ५ − x − ३. (४x² + ३x) − (x² − २x) चं ३x² + x. दोन अपूर्णांकांची वजाबाकी होती, (३x + १)/५ − (x − ४)/५, तिथे वर २x − ३ आलं होतं. पहिल्यात उत्तर ६ ने कमी, दुसऱ्यात ४x ने, तिसऱ्यात अंशात ८ ने. दर वेळी कंसातल्या दुसऱ्या पदाच्या बरोबर दुप्पट. नऊपैकी सात गणितांत हेच. उरलेली दोन खरोखर हात घसरल्याची होती.

पण गंमत अशी की ५ − २(x − ३) हे गणित तिने त्याच चाचणीत बिनचूक सोडवलं होतं. ३ − (−२) सुद्धा. मग चिन्ह येत नाही असं तरी कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. उत्तर न दाखवता तेच गणित कोऱ्या कागदावर दिलं. तिने पुन्हा ५ − x − ३ लिहिलं. मी म्हटलं, "बाय, यात एक चूक आहे, शोध." माझी ही परीक्षा साधी आहे. चूक निष्काळजी असेल तर एवढं सांगितल्यावर मूल ती आपणच पकडतं. रीतीची असेल तर अडकतं, पण पायरीची आठवण करून दिली की पुढे जातं. संकल्पनेची असेल तर चुकलेल्या ओळीचीच बाजू घेतं. तिने बेरीज तपासली, वजाबाकी तपासली आणि मान हलवली. "सर, म्हाका कळना. बरोबरच आहे ना?"

"वजा कोणाला लागलाय?"

"x ला," ती लगेच म्हणाली. "त्याच्या बाजूलाच आहे. आकडा असला तर आत गुणायचं, इथे आकडाच नाही."

म्हणजे कंसाबाहेर २ असला की तिच्या लेखी गुणाकार होता. नुसता वजा असला की तो शेजारच्या पदाचं चिन्ह, आणि कंस म्हणजे नुसती सजावट. अपूर्णांकाची रेघ ही कंसाचंच काम करते, हे तर तिच्या गावीही नव्हतं. तिचं गणित नियमाने चाललं होतं, फक्त नियम तिचा स्वतःचा होता. वजाबाकीतल्या अशाच शिस्तबद्ध चुका शोधणारा संगणक-प्रोग्राम ब्राऊन आणि बर्टन या दोघा संशोधकांनी १९७८ साली अमेरिकेत मांडला होता. तिथेही मुलं बऱ्याचदा चुकीची रीत अगदी इमानाने पाळताना दिसली होती. आणि मी मात्र 'लक्ष दे' लिहीत बसलो होतो. लक्ष तर ती देतच होती.

चतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीच्या बाजाराचे दिवस होते, म्हणून उदाहरणाला नारळ घेतला. म्हटलं, "शंभराची नोट दिलीस. नारळ ४० चा, दुकानदाराने ५ सोडले. किती परत येतील?"

"पासष्ट."

"आता लिही." तिने १०० − (४० − ५) लिहिलं, आणि माझ्या सांगण्यावरून कंस तिच्या रीतीने सोडवला. १०० − ४० − ५. पंचावन्न.

"दहा रुपये कुठे गेले?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याने पाच सोडले होते, मी ते परत घेतले. वर आणखी पाच." दुप्पट का येत होतं, हे मी सांगायच्या आधी तिनेच सांगितलं. मग आम्ही कंसाच्या मागे न दिसणारा १ लिहिला, ५ − १(x − ३), आणि तिची येणारी रीत तिथे आपोआप लागू झाली. नुसता १ लिहायला आधीच सांगितलं असतं तर उत्तर आलं असतं, पण अपूर्णांकाच्या रेघेतला कंस तिला दिसला नसता असं मला वाटतं.

वहीत तेव्हापासून एक रकाना वाढला, 'तेव्हा मला काय वाटलं'. प्रकार त्यानंतर ठरवायचा, तोही पेन्सिलने, कारण मुलांना निष्काळजी लिहिणं सोयीचं असतं. त्यात 'मला येतं' हे आपोआप येतं. या रकान्याला वेळ लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी बसणं मला जमत नाही, म्हणून एकाच शेऱ्याच्या तीन नोंदी झाल्या तरच मी बोलावतो. शिवाय मुलाला स्वतःला काय वाटलं होतं ते आठवतंच असं नाही. आठवडा उलटला की ते काहीतरी रचून लिहितं.

सुट्टीनंतर तिची पुन्हा चाचणी घेतली. वजाचे सगळे कंस बरोबर आले. एका गणितात मात्र ५ + (x − ३) चं तिने ५ + x + ३ केलं होतं. कंस दिसला की चिन्ह बदलायचं, असा नवा नियम! मी फक्त "एक चूक आहे" म्हटलं. तिने ती ओळ पाहिली, मनातल्या मनात काही पुटपुटली आणि खोडून बरोबर लिहिली. मग वही उघडून विचारलं, "सर, सापडली तर माझी मलाच. पण ही निष्काळजीत घालू की संकल्पनेत?"

मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, अजून दोन गणितं सोडव, मग ठरवू.